‘ए’चा ‘एच’ का होतो?

*ताई, माझी मुलगी ज्युनिअर केजीत आहे, २० डिसेंबरला चार वर्षांची होईल. शाळेत जूनपासून कॅपिटल लेटर्स लिहून घेतात आणि रोज एक पान घरी देतात. हल्ली पेन्सिल दिसली की ती रडायला लागते, ‘हात दुखतो’ म्हणते, कधी पान फाटेपर्यंत गिरवते. ‘ए’ काढ म्हटलं की ‘एच’ काढते. टीचर म्हणाल्या, बाकीची मुलं झेडपर्यंत पोचली, हिला ट्यूशन लावा. आता दिवाळीचा अभ्यास आलाय: ए टू झेड दोनदा, एक ते पन्नास दोनदा. सासरे म्हणतात आत्ताच सवय लागली नाही तर ही मागे पडेल, नवरा म्हणतो खेळू दे तिला. आम्ही दोघंही कामाला जातो, घरी सासूबाई असतात. वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. काय करू?*
*एक आई, कासारवडवली, ठाणे*

तुमच्या फोटोतलं पान मी मोठं करून नीट पाहिलं, दोनदा. आधी त्या पानाबद्दलच बोलू, कारण टीचरच्या शेऱ्यापेक्षा त्यात जास्त माहिती आहे.

वरच्या दोन ओळी टिंबांवर गिरवलेल्या आहेत आणि त्या बऱ्या आहेत. तिसऱ्या ओळीपासून टिंबं संपतात आणि तिथेच ‘ए’ मोडतो. दोन तिरक्या रेघा वर टोकाला भेटायच्या, त्याऐवजी तुमच्या लेकीने दोन उभ्या रेघा मारल्यात आणि मधली आडवी बरोबर जोडली आहे. शाळेच्या भाषेत सांगायचं तर दोन स्टँडिंग लाइन आणि एक स्लीपिंग लाइन, म्हणजे ‘एच’. पाचव्या ओळीत अक्षरं चार रेघांच्या बाहेर घरंगळतात. शेवटच्या ओळीत कागदाला भोक पडलंय, पण त्या ओळीतलंही पहिलं अक्षर शेवटच्यापेक्षा बरंच नीट आहे.

हे पान आळशी किंवा मंद मुलीचं नाही. ‘ए’मध्ये तीन रेघा आहेत हे तिने पाहिलंय, आडवी मध्ये येते हेही तिला कळलंय. फक्त तिरकी रेघ तिच्या हाताला अजून येत नाही, म्हणून येणाऱ्या रेघा वापरून तिने काम भागवलं. मी तर म्हणेन, हुशारीने भागवलं.

तिरकी रेघ अवघड का, ते स्वतः करून बघा. उभी रेघ काढताना हात एकाच दिशेला जातो, वरून खाली. आडवीचंही तसंच. तिरकीला मात्र हाताला एकाच वेळी खालीही जायचं असतं आणि बाजूलाही, आणि दोन्हींचं प्रमाण शेवटपर्यंत सांभाळायचं असतं. मुलांच्या हातात आकार साधारण एका ठरावीक क्रमाने उतरतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास समोरचं पाहून बंद गोल काढता येतो, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचारला चौकोन. तिरकी रेघही त्याच सुमारास येते. गुणाकाराची फुली पाचाजवळ आणि त्रिकोण पाच ओलांडल्यावर. दोन-चार महिने इकडेतिकडे होतात, क्रम सहसा बदलत नाही. लिहायला हात तयार आहे का, हे पाहणारे तज्ज्ञही असेच आकार काढायला देतात.

आता कॅपिटल ‘ए’ बघा: दोन तिरक्या आणि एक आडवी. म्हणजे जवळजवळ त्रिकोणच. इंग्रजी वर्णमालेचं पहिलंच अक्षर साडेतीन वर्षांच्या हाताला सर्वांत नडणाऱ्यांपैकी आहे. पुढे ‘के’, ‘एम’, ‘एन’, ‘डब्ल्यू’ हीच गत. मराठी पाटीवर आपण ‘अ’पासून सुरुवात न करता ‘ग म भ न’ का घेत होतो, आठवतं का? वर्णमालेत ही अक्षरं या क्रमाने येत नाहीत. पण उभा दंड आणि त्याला जोडलेलं थोडंसं वळण, असा त्यांचा हाताचा वळसा सारखा आहे, म्हणून त्यांची जोडी जमवली. आधी हात पाहायचा आणि मग अक्षर निवडायचं, ही समज आपल्याकडे होती. ए फॉर ॲपलच्या गडबडीत ती कुठे सांडली कोण जाणे.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रातल्या तारखेत आहे. आपल्याकडे प्रवेशाचं वय ३१ डिसेंबर धरून मोजतात. त्यामुळे २० डिसेंबरची मुलगी वर्गातली बहुधा सर्वांत लहान आणि त्याच बाकावर जानेवारीत जन्मलेलं, तिच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठं मूल. तुमच्या आमच्या वयात अकरा महिने म्हणजे काहीच नाही, पण तिच्या आयुष्याचा तो जवळपास पाव हिस्सा आहे. ‘बाकीची मुलं झेडपर्यंत पोचली’ हे वाक्य टीचर पुन्हा म्हणाल्या, तर कोणत्या महिन्यातली मुलं पोचली, एवढंच शांतपणे विचारा.

‘हात दुखतो’ हे मला खरं वाटतं. व्हॉट्सॲपवर लहान मुलाच्या मनगटाचा एक एक्स-रे फिरतो, तुम्हालाही आला असेल. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि या वयात एक्स-रेमध्ये त्यातली तीन-चारच दिसतात, बाकीची अजून कूर्चा असतात. माहिती खरी आहे, पण ‘म्हणून लिहू नये’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला अर्धवट वाटतो. याच मनगटाने पोरं झोपाळ्याला लटकतात. खरी अडचण बोटांच्या बारीक ताब्याची आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट सुटी हलायला हवीत आणि करंगळीकडची बाजू कागदावर स्थिर टेकायला हवी, हे या वयात अजून बसायचं असतं. ते बसलं नसताना रेघ सरळ ठेवायची सक्ती झाली की मूल ताब्याची जागा जोराने भरून काढतं. पेन्सिल मुठीत जाते, अंगठा तर्जनीवरून गुंडाळला जातो, दाब वाढतो. वहीचं ते पान उलटून मागच्या पानावर बोट फिरवा. लिहिलेलं हाताला लागलं, तर तिचा हात का दुखतो ते कळेल.

लवकर गिरवून घेणं उलटतं ते इथे. नुसता वेळ वाया गेला असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. पण मूल शंभर वेळा चुकीच्या पकडीने लिहितं, तेव्हा त्याची चुकीची पकड शंभर वेळा घोटली जाते. टिंबांवर गिरवताना तर आणखी एक गंमत होते. मूल अक्षराचा वळसा शिकत नाही, एका टिंबापासून दुसऱ्या टिंबापर्यंत जातं. ते खालून वर गेलं काय किंवा मधून सुरू केलं काय, पान शेवटी सुबकच दिसतं आणि स्टार मिळतो. टिंबं काढली की सगळं कोसळतं. तुमच्या पानाच्या तिसऱ्या ओळीत हेच झालंय.

मी नौपाड्यात बरीच वर्षं बालवर्ग घेतला. तिसरीतला एक मुलगा त्याची आई माझ्याकडे घेऊन आली होती. तोंडी सगळं यायचं, पेपर मात्र अर्धा कोरा. मी त्याला पाच ओळी लिहायला दिल्या. दुसऱ्या ओळीनंतर तो हात झटकायला लागला. अंगठा तर्जनीवर आवळलेला, सगळं अक्षर खांद्यातून येत होतं, आणि ‘म’ तो खालून वर चढत लिहायचा. नर्सरीत त्याच्या चार वह्या भरलेल्या, घरी जपून ठेवलेल्या, सगळ्यांवर ‘व्हेरी गुड’. ती पकड सोडवायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं, आणि आठ वर्षांच्या मुलाला कणीक तिंबायला आणि रांगोळीची चिमूट धरायला लावणं किती लाजिरवाणं वाटतं, हे त्याच्या तोंडावर दिसायचं.

सासऱ्यांचं म्हणणं मी धुडकावणार नाही, काळजी रास्त आहे. फक्त ते स्वतः पहिल्यांदा शाळेत कोणत्या वर्षी गेले आणि पाटी कधी हातात आली, हे त्यांना विचारा. त्या पिढीतले पुष्कळ जण सहाव्या वर्षी थेट पहिलीत बसले आणि पुढे मोत्यासारखं अक्षर काढलं. लवकर सुरू केल्याने पुढे काय मिळतं, याचा न्यूझीलंडमध्ये अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सरकारी शाळांत पाचव्या वर्षी वाचायला शिकवतात, तर काही वेगळ्या पद्धतीच्या शाळा सातव्या वर्षापर्यंत थांबतात. साधारण अकराव्या वर्षापर्यंत उशिरा सुरू केलेली मुलं वाचनात बरोबरीला आलेली होती, आणि वाचलेलं समजण्यात किंचित सरसच.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा अनुभव जास्त बोचरा आहे. तिथे गरीब घरांतल्या मुलांसाठी सरकारी पूर्वप्राथमिक वर्ग होते आणि जागा कमी पडल्या तिथे चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी न्याय्य झाली. वर्ष संपताना वर्गात गेलेली मुलं अक्षरओळखीत पुढे होती. तिसरीपर्यंत ती आघाडी विरली. सहावीत हीच मुलं गुणांत मागे होती आणि शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. हे नेमकं कशामुळे झालं ते या अभ्यासातून सिद्ध होत नाही, आणि तिथले सगळेच वर्ग गिरवण्याचे होते असंही नाही. एवढं मात्र दिसतं, की चौथ्या वर्षीची अक्षरांची आघाडी म्हणजे पुढच्या यशाची पावती नव्हे.

आता नवऱ्याच्या ‘खेळू दे’बद्दल. तेही तेवढ्यावर सोडू नका. नुसतं खेळून कुणी आपोआप वाचायला लागत नाही. सहाव्या वर्षी अक्षर आणि आवाज यांची गाठ नीट, रोज, शिकवूनच घालावी लागते. चौथ्या वर्षीचा खेळ त्या शिकवण्याची जमीन तयार करतो. म्हणून खेळही निवडायचे. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडला नेलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे, पानं हेच मुलांचं साहित्य झालं. मुलं शाळेत येईनात तेव्हा वर्ग त्यांच्या अंगणात भरले, आणि अंगणवाडी हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. तुमच्या घरातही हे सगळं साहित्य आहे. ते बहुतेक सासूबाईंच्या ताब्यात आहे.

दिवाळी आहे, तेव्हा रांगोळीपासून सुरू करा. रांगोळीची चिमूट धरून बघा: अंगठा, तर्जनी, मधलं बोट. पेन्सिलची पकड हीच. पूड सोडताना ही तीन बोटं एकमेकांवर हलकी घासतात, आणि नेमकी हीच हालचाल पुढे लिहिताना लागते. तिला ठिपके घालायचे नाहीत, नक्षी जमवायची नाही. तुम्ही गेरूवर खडूने एक मोठा गोल काढा आणि त्याच्या रेघेवर तिला पूड सोडू दे. जाड पडेल, फिसकटेल, फुंकर मारून पुन्हा. दहा मिनिटं पुरे. दिवाळीनंतर हेच काम ताटलीत रवा पसरून चालतं.

दुपारी सासूबाई लसूण सोलतात, भुईमुगाच्या शेंगा फोडतात, तेव्हा तिला शेजारी बसवा. शेंग फोडायला दोन्ही हातांनी वेगवेगळं काम करावं लागतं, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने दाबायचं. लिहिताना वही धरणारा हातही असाच लागतो, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. आणि तिथेच, शेंगा फोडताना, वाचनाचा पहिला धडा होऊ शकतो. ‘शेंगेतला शे! शे-पटी, शे-जारी, आणखी काय?’ मग ‘कांदा’ला दोन टाळ्या, ‘बटाटा’ला तीन. बोललेला शब्द तुकड्यांचा असतो, हे कानाला कळलं की पुढे अक्षर म्हणजे त्या तुकड्याचं चित्र, हे डोक्यात बसतं. ‘बी’ नावाचा आकार काढता येतो, पण ‘बॉल’ ऐकून पहिला आवाज कोणता ते सांगता येत नाही, अशी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. शाळा इंग्रजी असली तरी हा खेळ मराठीतच खेळा. ज्या भाषेत तिला हजारभर शब्द येतात त्याच भाषेत कान तयार होतो, आणि तयार झालेला कान इंग्रजीलाही उपयोगी पडतो.

तिसरं काम उभ्या पृष्ठभागावर. बाल्कनीची भिंत, बाथरूमच्या टाइल्स, काहीही. रंगाचा जाड ब्रश आणि तांब्याभर पाणी. मोठ्या रेघा, पाऊस, डोंगर. डोंगर म्हणजे तिरक्या रेघाच, पण तिला ते माहीत असायची गरज नाही. भिंतीवर हात वर धरल्याने मनगट आपोआप मागे वळतं आणि खांद्याला बळ येतं. कागदावर रंगवायचं असेल तर क्रेयॉनचे मुद्दाम बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच येतो. ‘अशी धर, तशी धर’ म्हणावं लागत नाही. आणि सोसायटीत मुलं किल्ला करत असतील तर तिला चिखलात बसू द्या, माती थापायला. नवे कपडे घालून मात्र नको, नाहीतर सगळा वेळ ओरडण्यात जाईल.

तुम्ही दोघं रात्री आठाला घरी पोचत असाल, तर तुमच्या वाट्याला एकच काम: झोपताना एक पुस्तक, चित्रांवर बोट ठेवत, तिच्या प्रश्नांसाठी थांबत. तेच पुस्तक पंधरा दिवस मागितलं तर पंधरा दिवस. रस्त्यात रिक्षावरचं, दुकानावरचं एखादं अक्षर तिने स्वतः विचारलं तर जरूर सांगा. स्वतःचं नाव लिहायचा हट्ट धरला तर शिकवा. मुलाने मागितलेलं अक्षर कधी नाकारू नये.

शाळेशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि या वयातलं शिक्षण खेळातून, कृतीतून व्हावं असं त्यात म्हटलंय. टीचरना हे बहुधा माहीत असतं. पण भरलेली वही पाहिल्याशिवाय पालकांना फी वसूल झाल्यासारखी वाटत नाही, हेही त्यांना माहीत असतं. म्हणून डायरीत आधी एवढं लिहा: ‘तिला तिरकी रेघ अजून जमत नाही, हात दुखतो. सुट्टीत आम्ही रांगोळी, माती, ब्रश यांवर काम करू. लेखी पानं पूर्ण होणार नाहीत, याला आमची संमती आहे. वर्गात तिला ‘एल’, ‘टी’, ‘एच’, ‘ई’ अशी उभ्या-आडव्या रेघांची अक्षरं फळ्यावर मोठी काढू द्यावीत.’ ‘संमती’ हा शब्द ठेवा, टीचरना वरती दाखवायला कागद मिळतो. ट्यूशन नको. तिथे दुसऱ्या वहीत हेच गिरवून घेतील.

एका बाबतीत वाट पाहू नका. वाढदिवसापर्यंत कोऱ्या कागदावर तुमचा गोल पाहून तिला बंद गोल काढता येत नसेल, अनोळखी माणसाला तिचं बोलणं बरंचसं कळत नसेल, जिना चढता-उतरताना ती फार अडखळत असेल, किंवा कणीक, माती, रंग हाताला लागले की घाबरून किंचाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जा. डोळे आणि कानही तपासून घ्या. यातलं काही तुमच्या पत्रात नाही, पण पत्रात सगळं येत नाही.

नसेल तर सुट्टीभर पेन्सिल कपाटात ठेवा, शार्पनरसकट. फेब्रुवारीत एक दिवस, ती आनंदात असताना, कोऱ्या कागदावर तुम्ही अधिकचं चिन्ह काढा, मग घराचं छप्पर. काही न बोलता कागद आणि क्रेयॉनचा तुकडा तिच्यापुढे सरकवा. छपराच्या दोन रेघा वर टोकाला भेटल्या, तर तारीख घालून तो कागद मला पाठवा. नाही भेटल्या, तर एप्रिलमध्ये पुन्हा.